एक ओहम की दीड ओहम?

बॅटऱ्या आणि रेझिस्टर यांचं जाळं कितीही गुंतागुंतीचं असलं, तरी त्याच्या दोन टोकांपुरतं पाहायचं तर त्याच्या जागी एक बॅटरी आणि तिला एकसरीत जोडलेला एक रेझिस्टर पुरतो. फ्रान्सच्या तारखात्यातले अभियंते थेवेनिन यांनी हे १८८३ साली मांडलं. या रेझिस्टरचा रोध काढण्याची शाळेतली युक्ती सोपी आहे: जाळ्यातल्या बॅटऱ्या काढून तिथं नुसती तार जोडायची आणि टोकांमधला रोध मोजायचा. जाळ्यात ट्रान्झिस्टर आला, की मात्र ही युक्ती चकवते.

कारण ट्रान्झिस्टर हा अवलंबी स्रोत असतो. तो किती प्रवाह सोडेल, हे जाळ्यातलाच दुसरा एखादा प्रवाह ठरवतो.

उदाहरण घेऊ. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ६ ओहमच्या रेझिस्टरमार्गे ‘अ’ बिंदूकडे एक प्रवाह येतो. अवलंबी स्रोत त्याच्या दुप्पट प्रवाह त्याच बिंदूत सोडतो. ‘अ’पासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत २ ओहमचा रेझिस्टर आहे. आपली दोन टोकं म्हणजे ‘अ’ आणि हे ऋण टोक.

टोकं मोकळी असताना बॅटरीतून १ अँपिअर येतो, स्रोत २ सोडतो आणि २ ओहममधून ३ अँपिअर वाहतात. म्हणून टोकांवर ६ व्होल्ट. ६ ओहमवरही ६ व्होल्टच पडतात, म्हणजे १२चा हिशेब जुळला. आता टोकं तारेनं जोडा. ‘अ’वर शून्य व्होल्ट, बॅटरीतून २ अँपिअर, स्रोताकडून ४, तारेतून एकूण ६ अँपिअर. ६ व्होल्टला ६ अँपिअरनं भागलं, की रोध येतो १ ओहम.

बॅटरीबरोबर अवलंबी स्रोतही काढून टाकला असता, तर ६ आणि २ ओहम समांतर उरून उत्तर दीड ओहम आलं असतं. खरं कोणतं, ते २ ओहमचा भार जोडून कळतं. १ ओहम धरला, तर भारातून २ अँपिअर जातात आणि टोकांवर ४ व्होल्ट राहतात. मूळ जाळ्यात ‘अ’वर ४ व्होल्ट असताना बॅटरीकडून ८ भागिले ६, म्हणजे सव्वापेक्षा किंचित जास्त अँपिअर येतात, त्याची तिप्पट ४ अँपिअर, त्यातले २ आतल्या रेझिस्टरमधून आणि २ भारातून. दीड ओहमनं १.७ अँपिअरच आले असते.

हा फरक येतो कुठून? भार वाढून ‘अ’चा दाब उतरला, की बॅटरीचा प्रवाह वाढतो आणि स्रोतही त्याच्या दुप्पट मदत धाडतो. त्यामुळे टोकांकडून पाहताना ६ ओहम जणू २ ओहमच भासतात. एमिटर फॉलोअर सर्किटचा बाहेरून दिसणारा रोध कमी असतो, तो याचमुळे.

मात्र ही अदलाबदल टोकांपुरतीच खरी. टोकं मोकळी असताना पर्यायी बॅटरी काहीच खर्च करत नाही. मूळ जाळ्यातले रेझिस्टर मात्र २४ वॅट उष्णता देत असतात.