एक साडी, दोन बहिणी, दोन मापं

दिवाळी किंवा घरातलं लग्न जवळ आलं की शिंप्याकडे एक ठरलेली मागणी येते. साडी एकच आणि दोन बहिणींना सारखी परकर-पोलकी. थोरलीचं माप घेतलं जातं, धाकटीचंही घेतलं जातं, पण कापताना बऱ्याचदा थोरलीचाच कागद सगळ्या बाजूंनी सारखा कमी करून धाकटीला लावला जातो. मग समारंभाच्या दिवशी धाकटीचा परकर पोटावरून घसरत राहतो, गळा डोक्यातून जात नाही म्हणून रडारड होते आणि फोटोत थोरली नीटनेटकी तर धाकटी कपड्यांत हरवलेली दिसते. सारखं दिसण्यासाठी सारखं शिवलं, तिथेच घोटाळा झाला.

चार वर्षांची मुलगी ही दहा वर्षांच्या मुलीची छोटी प्रत नसते. साधारण बांध्याच्या दोन मुलींची मापं समोर ठेवू. धाकटीची उंची १०१ सेंटीमीटर, थोरलीची १३७. म्हणजे थोरली धाकटीच्या साधारण १.३६ पट उंच आहे. आता टेप लावून पाहा. कमरेपासून घोट्यापर्यंत धाकटी साडेबावीस इंच आणि थोरली ३३ इंच भरते, म्हणजे जवळजवळ दीडपट. छाती मात्र साडेएकवीस आणि २७, म्हणजे सव्वापट. कंबर २१ आणि २४, फरक अवघा तीन इंचांचा. डोक्याचा घेर तर २० इंच आणि पावणेएकवीस इंच. मूल वाढतं ते मुख्यतः पायांत. डोक्याची बहुतेक वाढ चार वर्षांपर्यंत झालेली असते आणि कमरेला पोटाची गोलाई जाऊन खळगा यायला वेळ लागतो. त्यामुळे कुठलाही एक गुणाकार सगळ्या मापांना लागू पडत नाही.

आधी गळा, कारण तिथली चूक अंगात घालतानाच कळते. थोरलीचा गळा उंचीच्या हिशेबाने लहान केला की धाकटीच्या गळ्याचा घेर जेमतेम १३-१४ इंच उरतो. तिचं डोकं मात्र २० इंचांचं, आणि साडीचं कापड विणलेलं, ते टी-शर्टासारखं ताणत नाही. अशा वेळी गळा मोठा केला तर तो खांद्यावरून उतरतो. मागे चीर द्यावी लागते. हिशेब सोपा आहे. गळ्याच्या घेरात चिरेची दुप्पट लांबी मिळवायची आणि बेरीज डोक्याच्या घेरापेक्षा इंचभर तरी जास्त यायला हवी. १४ इंचांचा गळा आणि साडेतीन इंचांची चीर म्हणजे २१ इंच, तिथे काम भागतं. त्यातही चार वर्षांच्या मुलीला हुक टोचतात, म्हणून तिचं पोलकं मागे पूर्ण उघडं ठेवून प्रेस बटणं लावलेली बरी. थोरलीला पुढे हुक चालतात. बाहेरून दोन्ही गळे एकाच आकाराचे, एकाच पट्टीचे दिसतात. दोघी जवळ उभ्या राहिल्या की डोळा गळ्याचा आकार बघतो, उघडण कुठे आहे ते बघत नाही.

तसंच कमरेचं. थोरलीच्या परकराला नेफा शिवून नाडी घातली की तो कमरेवर टिकतो. धाकटीला टिकायला कंबरच नाही. छाती साडेएकवीस आणि कंबर २१ म्हटल्यावर नाडी कितीही आवळा, पोट पुढे आलेलं असल्यामुळे परकर पुढून खाली सरकतो आणि मागून वर चढतो. नाडीचे वळ उठतात ते वेगळेच. याला जुना आणि उत्तम उपाय आहे. अस्तराच्या कापडाची बिनबाह्यांची बॉडी शिवायची आणि परकर तिलाच जोडून टाकायचा, म्हणजे सगळा भार खांद्यांवर जातो. वरून पोलकं घातलं की बॉडी दिसतही नाही. इरकलसारखी काठाची साडी आणि तिच्या चुण्या यांचं वजन लहान मुलीला तासन्‌तास पेलायचं असतं, हे शिवणाऱ्याने विसरू नये.

आता सगळ्यात गमतीचा भाग, घेर. बहुतेक जण घेर कमरेच्या पटीत मोजतात. थोरलीचा घेर पावणेतीन मीटर, म्हणजे १०८ इंच घेतला, तर तो तिच्या कमरेच्या साडेचारपट होतो. त्याच पटीने धाकटीला ९४-९५ इंच लागतील. एवढं कापड २१ इंचांवर चुण्या घालून बसवलं की ते पोटाभोवती फुगतं आणि साडेबावीस इंचांच्या उंचीत खाली पडायला त्याला जागाच मिळत नाही. मूल चालताना परकर तोलत चालतं. परकराचा आकार डोळ्यांना भरतो तो लांबी आणि घेर यांच्या नात्यातून. थोरलीचे १०८ इंच भागिले ३३ म्हणजे साधारण सव्वातीन पट. धाकटीच्या साडेबावीस इंचांना तीच पट लावली की ७३-७४ इंच, म्हणजे सुमारे १.९ मीटर येतात. या मापाने दोन्ही परकर सारख्याच उतरंडीने खाली येतात.

हा हिशेब साडीवरही बरोबर बसतो. साडी साडेपाच मीटरची, पन्हा ४६ इंच, शिवाय ८० सेंटीमीटरचा ब्लाऊजपीस जोडलेला. पदराचे ८० सेंटीमीटर बाजूला काढले की ४.७ मीटर उरतात, आणि दोघींचे घेर मिळून होतात ४.६५. परकराची लांबी साडीच्या पन्ह्यातून घ्यायची, म्हणजे खालचा काठ आपोआप परकराचा काठ होतो आणि तिथे दुमड घालावी लागत नाही. थोरलीला ३३ इंच लांबी, चार इंच टक आणि इंचभर माया धरून ३८ इंच जातात. वर काठासकट आठ इंचांची पट्टी उरते. बाह्या याच पट्टीतून कापाव्यात, म्हणजे दंडावरही काठ येतो. पोलक्यांचे पुढचे-मागचे भाग ब्लाऊजपीसमध्ये बसतात. मात्र त्यासाठी कागदी कटिंग आधी कापडावर मांडून बघावं, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नये.

काठ मात्र कापता येत नाही, हीच साडीची अडचण. समजा काठ तीन इंचांचा आहे. धाकटीच्या परकराचा तो सातवा-आठवा भाग व्यापतो आणि थोरलीच्या परकराचा अकरावा. एकाच साडीचे असूनही धाकटीचा परकर जड दिसतो, थोरलीचा फिका. धाकटीचा काठ आत दुमडून कमी करू नका, काठाची नक्षी मध्येच तुटते आणि दुमडीत कापड ताठ राहतं. फरक थोरलीच्या बाजूने भरून काढावा. धाकटीचा परकर कापताना वर १८ इंचांहून रुंद पट्टी शिल्लक राहते, तिलाही काठ असतो. त्यातली दीड इंचाची रेघ काढून थोरलीच्या मूळ काठाच्या वर बसवली की तिचा काठ साडेचार इंचांचा होतो आणि प्रमाण जुळतं. ही पट्टी १.९ मीटरच लांब असल्यामुळे थोरलीच्या घेराला कमी पडते. उरलेली रेघ बाह्यांच्या पट्टीतून घ्यावी, जोड बाजूच्या शिवणीजवळ येऊ द्यावा. एवढी खटपट नको असेल तर खरेदी करतानाच दीड-दोन इंचांच्या बारीक काठाची आणि छोट्या बुट्टीची साडी निवडा. मोठी बुट्टी धाकटीच्या छातीवर दीडच बसते आणि ती अर्धी बुट्टी फोटोत बरोबर दिसते.

टक दोघींनाही हवा. वरच्या मापांवरून पाहिलं तर चौथ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत कमरेखालची लांबी वर्षाला सरासरी पावणेदोन इंच वाढते, म्हणून चार इंचांचा टक दोन वर्षं पुरतो. तो काठाच्या लगेच वर, आतल्या बाजूला घ्यावा आणि हाताने धावदोरा घालावा. मशीनची टीप मारली तर उसवल्यावर रेशमावर सुईची भोकं राहतात. पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत इंच-इंच माया ठेवली की छातीचंही भागतं.

पोलक्याची लांबी ठरवताना धाकटीसाठी थोरलीचं माप बघू नका, कंबर बघा. दोघींचं पोलकं आपापल्या कमरेखाली दोन ते अडीच इंचांवर संपलं पाहिजे. या मापांत धाकटीला साडेअकरा आणि थोरलीला साडेचौदा इंच येतात. फुग्याच्या बाहीत धाकटीचा फुगा जरा दाबून घ्यावा, नाहीतर तिची मान दिसेनाशी होते. कच्ची शिलाई झाली की दोघींना हात वर करायला आणि मांडी घालून बसायला सांगा. हात वर केल्यावर पोलकं परकराच्या वर चढलं तर मुंढा फार खोल कापला गेला आहे. बसल्यावर पाठीवर ताण आला तर छातीला ढिलाई कमी आहे, ती दोन-अडीच इंच तरी असावी.

ही पद्धत थोरली अकरा-बारा वर्षांची होईपर्यंत चालते. त्यानंतर छातीला टक्स लागतात, खांदा आणि कंबर यांचं नातं बदलतं, आणि धाकटीच्या कागदावरून काही जुळवता येत नाही. त्या वयाच्या मुलीला बहुतेकदा बहिणीसारखा परकर नकोही असतो. तेव्हा कापड एक ठेवावं आणि कपडा वेगळा शिवावा, थोरलीला कुर्ता, धाकटीला परकर. भाऊ-बहीण असतील तर बाजूला ठेवलेल्या पदराची भावाला छान बंडी होते.

कापायला बसाल तेव्हा कात्री आधी थोरलीच्या परकरावर चालवा. तिच्या तुकड्यात चूक झाली तर तो धाकटीला कामी येतो, उलट होत नाही. आणि माप घ्यायला दोघींना बरोबर न्या, फ्रॉकवरून किंवा शाळेच्या गणवेशावरून माप देऊ नका.