कॅमेऱ्याची मान वळते कशी?

चौकातल्या खांबावरचा कॅमेरा 90 अंश वळवायचा आहे. सेकंदाला 60 अंशांपेक्षा जास्त वेग घ्यायची त्याला मुभा नाही, आणि वेग वाढवायचा वा कमी करायचा तो सेकंदागणिक 120 अंशांनीच. मग पहिल्या अर्ध्या सेकंदात तो 15 अंश सरकून पूर्ण वेग गाठतो, पुढचे 60 अंश एका सेकंदात कापतो आणि शेवटच्या 15 अंशांत अलगद थांबतो. एकूण दोन सेकंद.

खरी मेख आहे ती ब्रेक कधी लावायचा यात. उरलेला कोन θ आणि मंदावण्याचा दर a धरला, तर त्या क्षणी परवडणारा वेग √(2aθ). हा आकडा क्षणोक्षणी काढायचा आणि त्याच्यावर जायचं नाही, बस्स. दहाच अंश वळायचं असेल तर कॅमेरा जेमतेम 35 पर्यंत पोचून आपोआप मंदावतो.

ब्रेक उशिरा लागला, तर तो लक्ष्य ओलांडतो, मागे येतो, पुन्हा ओलांडतो. पडद्यावरचं चित्र थरथरतं. दुसरी चूक गमतीची: 350 अंशांवरून 10 वर जायला 20 अंश पुरतात, पण साधी वजाबाकी करणारा कॅमेरा उलटा 340 अंश फिरून येतो.