ताप डेंग्यूचाच असेल असं नाही. काखेतली, कमरेवरची काळी खपलीही बघा

पावसाळा सरता सरता गावोगावी तापाचे रुग्ण वाढतात. ताप आला आणि प्लेटलेट कमी झाल्या की लोक डेंग्यू म्हणून मोकळे होतात. पण या दिवसांत डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि स्क्रब टायफस हे चारही ताप सोबतच फिरतात. प्लेटलेट चौघांतही कमी होऊ शकतात, उपचार मात्र वेगळे आहेत. मग डॉक्टर ते ओळखतात कसे?

एक उदाहरण घेऊ. धान पट्ट्यातली चाळिशीची एक शेतकरी बाई. ताप आला, गावात इंजेक्शन आणि सलाईन झालं. चौथ्या दिवशी डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, प्लेटलेट ९० हजार. ताप उतरेना म्हणून सहाव्या दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात आणलं.

पहिला प्रश्न: आज कितवा दिवस?

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "मावशी, ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला?" याला कारण आहे. डेंग्यूची एनएस१ टेस्ट पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते, त्यानंतर आयजीएम टेस्ट करावी लागते. डेंग्यूचा ताप बहुतेक वेळा सात दिवसांच्या आत उतरतो. ताप आठवडाभर चढताच राहिला, तर दुसरा आजार शोधावाच लागतो.

दुसरा प्रश्न: आधीचे दोन आठवडे काय काम केलं?

बाई म्हणाली, "बांधावरचं गवत कापलं, आणखी काय?" इथेच धागा सापडला. गवतात, झुडपात चिगर नावाचे बारीक किडे असतात. ते डोळ्यांना सहज दिसत नाहीत. ते चावले की साधारण दहा दिवसांनी स्क्रब टायफसचा ताप येतो. हीच बाई अनवाणी चिखलात राबली असती, तर आधी लेप्टोचा संशय आला असता. उंदराच्या, जनावराच्या मुतातले जंतू पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून आत शिरतात.

मग अंग तपासणी

डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून बघितल्या. लेप्टोत पोटरी दाबली की माणूस कळवळतो, डोळे लाल होतात, पुढे कावीळ होते आणि लघवी कमी होते. बाईला तसं काही नव्हतं. मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, तरी काचपट्टीवर रक्त घेतलं. थंडी वाजून, घाम येऊन ताप उतरणं ही मलेरियाची ओळख खरी. पण प्रत्येकाला तसं होत नाही आणि एका निगेटिव्ह टेस्टने मलेरिया नाही असं ठरत नाही.

नंतर पडद्याआड नर्सताईंनी पूर्ण अंग तपासलं. लुगड्याची गाठ बसते तिथे, कमरेवर, बिडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून बाईला तिचा पत्ताच नव्हता. चिगर चावल्याची हीच खूण. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, गुडघ्यामागे, कानामागे लपलेली असते. कपडे न काढता तपासलं तर ती दिसत नाही.

रक्त स्क्रब टायफसच्या टेस्टसाठी पाठवलं, पण रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला. हे साधं, स्वस्त औषध आहे. पण उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदूवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. गरोदर बाईला डॉक्टर दुसरं औषध देतात, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी आणू नये.

खपली प्रत्येक रुग्णाला असतेच असं नाही. खपली नाही म्हणून स्क्रब टायफस नाही, असं समजू नका. कधी कधी दोन आजार एकाच वेळीही असतात.

घरच्यांनी काय करावं?

ताप सुरू झाल्याची तारीख कागदावर लिहून ठेवा. शेतात, गवतात, चिखलात कधी काम केलं ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. आंघोळीच्या वेळी अंगावर काळी खपली आहे का ते बघा, दिसली तर दाखवा. तापाला पॅरासिटामॉल चालतं. पण अंगदुखीची ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी किंवा इंजेक्शन टाळा, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो. ताप गेला, पण पोटात जोराचं दुखतंय, सारखी उलटी होतेय, हिरड्यांतून रक्त येतंय किंवा रुग्ण गळून गेलाय, तर लगेच दवाखाना गाठा. कोणत्याही तापात धाप लागली, माणूस बरळू लागला किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.