सरळ रेषाच सर्वांत आंखूड कां?

चाऱ्याकडे निघालेलें गाढवही सरळच वाट धरतें. मग त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीहून मोठी असते, हें सिद्ध करण्याचा खटाटोप युक्लिडनें कां करावा, असा उपहास एपिक्यूरसचे अनुयायी करीत, असें पांचव्या शतकांतील प्रोक्लस सांगतो. गाढवास वाट कळते खरी. परंतु तीच कां, हें कळत नाहीं. शिवाय त्रिकोणावरून मोडलेल्या रेषांचाच निकाल लागतो. वांकड्या वाटा तर अनंत आहेत. एकेकीची तुलना करण्यास आयुष्य पुरणार नाहीं.

यास उपयोगी पडतें तें विचरण-कलन. लाग्रांज यानें १७५५ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्याची रीत ऑयलर यास पत्रानें कळविली. वाटेचीं दोन्ही टोकें स्थिर ठेवून तिला मध्यें किंचित् ढकलावें, व लांबी कशी बदलते तें पाहावें, एवढेंच तिचें सूत्र.

समजा, एक ठिकाण दुसऱ्यापासून ४ कोस पूर्वेस व ३ कोस उत्तरेस आहे. सरळ वाट ५ कोसांची. तिचा मध्यबिंदु १ कोस उत्तरेस नेऊन वाट मोडली, तर ती ५·२६३ कोस होते. दशांश कोसच नेला, तर ५·००२६. ढकलणें दहापट कमी झालें, पण वाढ शंभरपट कमी झाली! उलट, ती १ कोस मोडलेली वाट दशांश कोस आंत घेतली, तर लगेच ०·०५१ कोस वांचतात. सरळ वाट मात्र लहानशा धक्क्यास जवळजवळ दादच देत नाहीं.

कारण असें. सतत पूर्वेकडे जाणाऱ्या वाटाच विचारांत घेऊं. पूर्वेस एक पाऊल जातांना उत्तरेस जितकें सरकावें, तो चढ ‘म’. त्या पावलाची लांबी √(१+म²). चढ किंचित् वाढविला, तर लांबी त्या वाढीच्या म/√(१+म²) पट वाढते. यास त्या ठिकाणचा ‘भाव’ म्हणूं. टोकें स्थिर असल्यामुळें एके ठिकाणीं वाढविलेला चढ दुसरीकडे कमी करावाच लागतो. दोन ठिकाणचे भाव निराळे असतील, तर महाग जागेचा चढ थोडा काढून स्वस्त जागीं घालावा. वाट आंखूड होईल. सर्वांत आंखूड वाटेंत अशी काटकसर उरलेली नसते. म्हणून तिच्यावर भाव सर्वत्र एकच. चढाबरोबर भाव वाढतोच; तेव्हां भाव एक म्हणजे चढ एक, आणि चढ एक म्हणजे सरळ रेषा!

तथापि, धक्क्यास दाद न देणारी प्रत्येक वाट आंखूडच असते, असें नाहीं. विषुववृत्तावरील दोन ठिकाणांमध्यें वृत्ताचा मोठा तुकडाही अशीच दाद देत नाहीं. पण उलट बाजूचा लहान तुकडा उघडच त्याहून आंखूड असतो. सपाट पृष्ठावर ही भीति नाहीं. सरळ वाट सोडून जेथें चढ वाढवावा, तेथें चढत्या भावानें मोजावें लागतें. जेथें कमी करावा, तेथें उतरत्या भावानें परत मिळतें. म्हणून वळण लहान असो वा मोठें, हिशेबांत तोटाच.