जात्याचे कोडे

कोडे, म्हणजे गोव्याकडचे हुमाण, रचताना वस्तूचे नाव टाळायचे असते. पण खोटेही बोलायचे नसते. मी रचलेले एक कोडे पाहा:

खुंटा आहे, दावे नाही;
वैरण आहे, गोठा नाही;
तोंड वर, पोट नाही;
गरगर फिरे, उंबरा ओलांडत नाही.

उत्तर आहे जाते. पहिल्या दोन ओळी ऐकणाऱ्याला गुरांकडे नेतात, तरी त्यांतला एकही शब्द खोटा नाही. जाते फिरवायला धरतात तो लाकडी दांडा खुंटाच, आणि तोंडात टाकतात त्या मूठभर धान्यालाही वैरणच म्हणतात. चौथी ओळ एकटी असती तर ‘रवी’ हेही उत्तर चालले असते. तिसरी ओळ रवीला बाद करते, कारण जात्याचे तोंड वरच्या दगडात असते आणि आत गेलेले धान्य पोटात न राहता कडेने पीठ होऊन सांडते.

इथे मराठीचा एक खास सापळा आहे. शेवटी ‘फिरत जाते’ असे लिहिले, की उत्तर कोड्यातच फुटले! म्हणून ‘टाकले जाते’, ‘धरले जाते’ असली क्रियापदेही वर्ज्य.

जाते न पाहिलेल्या मुलांना वैरणीचा दुसरा अर्थ ठाऊक नसतो. तो आधी सांगावा, तर कोडे उरत नाही. पण जात्यावरच्या ओव्या त्यांनी पुस्तकात वाचलेल्या असतात. त्यांच्यासाठी मी पाचवी ओळ जोडतो: ‘जवळ बसल्यावाचून ओवी सुचत नाही.’