फराळासोबतची चिठ्ठी

दिवाळीच्या आठवड्यात कंपनीच्या खरेदी विभागात टेबलावर खोक्यांची चळत लागते. प्रत्येक खोक्यावर कार्ड असतं आणि बहुतेक कार्डांचं शेवटचं वाक्य एकच असतं: ‘यापुढेही सेवेची संधी द्यावी.’ एवढ्या एका वाक्याने आतल्या फराळाची किंमत ठरते. घेणाऱ्याला कळतं, की ही भेट पुढच्या ऑर्डरसाठी आहे.

समजा, भोसरीतला एक छोटा फॅब्रिकेशनवाला आपल्या ग्राहक कंपनीला चिवडा-चकलीचा डबा पाठवतो आहे. त्याचा पहिला मसुदा असा: ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आभारी आहोत. हे संबंध असेच वृद्धिंगत व्हावेत. आता आमच्याकडे लेझर कटिंगचीही सोय आहे.’

यातली लेझर कटिंगची ओळ ही उघड जाहिरात आहे, ती आधी काढायची. ‘वृद्धिंगत’ हा शब्द वर्षानुवर्षं कार्डांवर छापला जातो, पण धंद्याच्या नात्यात त्याचा अर्थ ‘ऑर्डर वाढवा’ असाच लागतो. उरलेला ‘विश्वास’ कुणालाही लागू पडतो, म्हणून तो कुणाचाच वाटत नाही. त्याच्या जागी वर्षातला एखादा खरा प्रसंग हवा:

‘मॅडम, जुलैच्या पावसात आमचा टेम्पो अडकला, तेव्हा तुमच्या स्टोअरची मंडळी रात्री उशिरापर्यंत थांबली आणि माल उतरवून घेतला. आम्ही ते विसरलेलो नाही. सोबतचा फराळ तुम्हा सगळ्यांसाठी आहे. तुम्हाला आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.’

हे हाताने लिहावं आणि खाली मालकाने स्वतःचं नाव घालावं. इथे आभार घडून गेलेल्या गोष्टीचे आहेत, पुढचं काहीच मागितलेलं नाही. ‘सगळ्यांसाठी’ म्हटल्याने डबा एकट्या अधिकाऱ्याच्या घरी न जाता विभागात फुटतो.

चिठ्ठी चांगली असूनही तिच्या आजूबाजूच्या गोष्टी घात करतात. डब्यात व्हिजिटिंग कार्ड किंवा दरपत्रक ठेवू नये. थकलेल्या बिलाची आठवण त्याच पाकिटातून देऊ नये. ‘डबा मिळाला ना?’ असं विचारून त्याच फोनवर कोटेशनचा विषय काढला, तर चिठ्ठीवरची मेहनत वाया जाते. तुमचं कोटेशन त्यांच्याकडे निर्णयासाठी पडून असेल, तर कितीही निर्मळ शब्द लिहिले तरी शंका येणारच. अशा वेळी फक्त शुभेच्छापत्र पाठवावं. सरकारी कार्यालयांच्या बाबतीतही हेच पाळावं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी कर्मचाऱ्यांच्या भेटी स्वीकारण्यावर बंधनं घातली आहेत. आपल्या डब्यामुळे समोरच्याला अडचणीत आणू नये. खासगी कंपनीतही भेटवस्तूंचे नियम असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

पाकीट बंद करण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही व्यक्ती उद्या निवृत्त होणार असती, तरी हीच चिठ्ठी मी जशीच्या तशी पाठवली असती का? उत्तर ‘नाही’ आलं, तर जी ओळ आड येते ती खोडा आणि मगच डबा रवाना करा.