पंचेचाळीस डब्यांचा हिशेब

चाकणच्या एका कारखान्यातल्या कॅन्टीनमध्ये पंचविशीतला एक आचारी आहे असे धरू. मुलगा कल्पनेतला आहे, पण त्याच्यासारखी मुले पुणे परिसरातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये पुष्कळ भेटतात. गाव बीडकडचे, कॅन्टीन ठेकेदाराचे. पहाटे पाचला चूल पेटते आणि पहिल्या पाळीचे जेवण उरकले की दुपारी तीनला तो मोकळा होतो. तीनशे माणसांचे वरण तो एका पातेल्यात अंदाजाने बरोबर जमवतो आणि त्याच्या मटकीच्या उसळीचे कामगार नाव काढतात. त्यातल्याच एकाने एकदा त्याला म्हटले, ‘‘गेटसमोर गाळा रिकामा आहे. पोळीभाजीचा स्टॉल टाक. आम्ही वीस-पंचवीस जण तर लगेच डबा लावू.’’ तेव्हापासून त्याच्या डोक्यात तोच विचार आहे.

त्याचा पहिला हिशेब सरळ होता. चार पोळ्या, सुकी भाजी, आमटी आणि भात असा पूर्ण डबा ८० रुपयांना. पंचवीस डब्यांचे दिवसाला २,००० आणि सव्वीस दिवसांचे ५२,०००. कॅन्टीनमध्ये हातात पडतात १६,०००. मग थांबायचे कशाला?

कॅन्टीनमधल्या जुन्या आचाऱ्याला, म्हणजे सगळ्यांच्या मामांना, त्याने हे सांगितले. मामा म्हणाले, ‘‘पोरा, हा गल्ला झाला. तुझ्या हातात काय उरतं ते मांड.’’

मांडायला बसल्यावर पहिली अडचण आली ती पगाराच्या आकड्यातच. हातात १६,००० पडत असले तरी नोकरीची किंमत तेवढीच नसते. मूळ पगार १५,००० धरला, तर त्याच्या वाट्याचे १,८०० भविष्य निर्वाह निधीत जातात आणि मालकाला तेवढेच घालावे लागतात. म्हणजे ३,६०० रुपये दरमहा त्याच्या नावावर साठतात, त्यातला काही भाग पेन्शनचा. ईएसआयमुळे आजारपणात दवाखान्याचा खर्च होत नाही. शिवाय दोन वेळचे जेवण आणि ठेकेदाराने दिलेली खोली आहेच. बाहेर तेवढ्यासाठी किमान ५,००० जातील. सगळे धरून ही नोकरी त्याला महिन्याला २५,००० च्या आसपास पडते. स्टॉलची तुलना करायची ती या आकड्याशी.

आता डबा. एक किलो कणकेत तीस-बत्तीस पोळ्या होतात, म्हणजे चार पोळ्यांना सव्वाशे ग्रॅम कणीक. त्यात मूठभर तांदूळ, डाळ, दीडशे ग्रॅम भाजी, तेल, मसाला, गॅस आणि पोचवण्याचा खर्च मिळवला तर एका डब्यामागे ४० रुपये जातात असे धरू. भाव ठिकाणानुसार आणि हंगामानुसार हलतात, पण हिशेबाची रीत हीच. उरले ४०. त्यातून गाळ्याचे भाडे ९,०००, पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींचे १०,०००, वीज-पाणी आणि किरकोळ ३,०००. हे २२,००० डबे दहा गेले काय किंवा शंभर गेले काय, द्यावेच लागतात.

पंचवीस डबे सव्वीस दिवस म्हणजे ६५० डबे. त्यांचे उरणारे २६,००० आणि त्यातून २२,००० वजा. हातात राहतात ४,०००. ज्या पंचवीस गिऱ्हाइकांच्या भरवशावर तो राजीनामा देणार होता, त्यांच्यावर गाळा चालतो, आचारी चालत नाही. नोकरीइतके मिळवायचे तर २२,००० आणि २५,००० मिळून ४७,००० सुटायला हवेत. ४० ने भागले की महिन्याला पावणेबाराशे डबे, रोजचे पंचेचाळीस. त्यापुढचा प्रत्येक डबा ही खरी कमाई.

माझ्या मते या निवडीचा कणा हाच आकडा आहे. ‘धाडस कर’ किंवा ‘लागलेली नोकरी सोडू नकोस’ असे दोन्ही बाजूंनी त्याला सांगितले जाते, पण तुझे पंचेचाळीस पक्के कोण, हे कोणी विचारत नाही.

पक्के म्हणजे महिन्याचे. स्टॉलवर येणारे-जाणारे गिऱ्हाईक पाऊस पडला की येत नाही, कारखाना दिवाळीला बंद राहिला की दिसत नाही. पन्नास डब्यांचे रांधले आणि चाळीस गेले, तर उरलेल्या दहांचे ४०० रुपये बुडतात. ते भरून काढायला विकलेल्या दहा डब्यांचा नफा जातो. महिनेवाल्यांचे तसे होत नाही. मात्र त्यांचे खाडे असतात. म्हणून जुने डबेवाले आदल्या संध्याकाळपर्यंत कळवले तरच खाडा धरतात. हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला नाही, तर महिनाअखेरीला प्रत्येक डब्यावर वाद होतो.

त्याहून अवघड गोष्ट उधारीची. गिऱ्हाईक पैसे पगार झाल्यावर देते आणि वाणी, भाजीवाला व मावशी त्याआधी मागतात. पंचेचाळीस डब्यांचा महिन्याचा माल जवळपास ४७,००० चा, वर गाळ्याचा खर्च २२,०००. म्हणजे पहिला रुपया येण्याआधी सत्तर हजारांच्या घरात पैसे गुंततात. चांगला स्वयंपाक करणारा आचारी मोडतो तो बहुधा इथे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांचीही हीच कोंडी होती. गिरणी कामगारांना त्या महिनाभर जेवू घालायच्या आणि धान्य उधारीवर, चढ्या व्याजाने आणायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते हीच कोंडी फोडण्यासाठी. आमच्या आचाऱ्यापुढे त्याहून सोपा एक उपाय आहे. निम्मे पैसे एक तारखेला आगाऊ घ्यायचे. जो देत नाही, त्याला पंचेचाळिसांत मोजायचे नाही.

स्वयंपाकही बदलतो. कॅन्टीनमध्ये वरण पातेल्यातून थेट ताटात जाते. डबा अकराला भरतात आणि एकला उघडतात. गरम पोळ्या एकावर एक रचून झाकण लावले की त्यांना घाम सुटतो आणि खालच्या दोन चिकट होतात. म्हणून आधी त्या पसरून वाफ घालवायची. भात आणि रस्सा कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की जंतू झपाट्याने वाढतात. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याचे वाटण आणि बटाट्याचा रस्सा आधी दगा देतो. आंबूस वास आला, फेस दिसला किंवा आमटीला तार सुटली तर टाकून द्यायचे. पण सगळा बिघाड वासाने कळत नाही, त्यामुळे आमटी उकळती भरायची आणि डबा दोन तासांत पोचवायचा, एवढेच हाती राहते. अन्नसुरक्षा नोंदणी घरगुती डब्यालाही लागते आणि स्टॉलवर घरातला १४.२ किलोचा सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो. हा खर्च वरच्या ४० रुपयांत धरलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्याने गाळेवाल्याला नाही कळवले. तीननंतरचा वेळ त्याच्याकडे होताच. जवळच राहणाऱ्या बहिणीच्या स्वयंपाकघराची नोंदणी करून घेतली, व्यावसायिक सिलिंडर घेतला आणि दोघांनी रात्रीचे डबे सुरू केले. इथे भाडे नाही आणि पोळ्या ताई लाटते, तेव्हा पंधरा डब्यांतही काहीतरी सुटते. त्यातून ताईचा वाटा आधी बाजूला काढायचा असे ठरले. आगाऊ पैसे न देणाऱ्या दोघांना त्याने पहिल्याच आठवड्यात नम्रपणे नकार दिला. भाजी आणायला तो आता स्वतः बाजारात जातो. कॅन्टीनमध्ये खरेदी ठेकेदार करायचा, त्यामुळे कोथिंबिरीचा भाव आठवड्यात दुप्पट होतो हे त्याला ठाऊकच नव्हते.

वहीच्या पहिल्या पानावर त्याने अट लिहून ठेवली आहे : सलग तीन महिने पंचेचाळीस आगाऊवाले आणि सत्तर हजार शिल्लक. सध्या डबे अठ्ठावीस आहेत. मे महिन्यात निम्मी पोरे गावी जातील तेव्हा किती उरतात, ते बघून तो मामांशी पुन्हा बोलणार आहे.